चाळीस दिवसांचं व्रत

साडेपाचला फोन वाजायचा आणि पडद्यावर यायचं: "बसायची वेळ. पाणी, दिवा, फोन बाहेर. आजचं एकच काम काय?" मग सहा पन्नासला पुन्हा वाजायचा: "थांब. चिठ्ठी लिही." रोज तेच दोन गजर, तीच वाक्यं, अगदी रविवारीसुद्धा. आणि या दोन गजरांच्या मध्ये मी नेमकं काय करत होते, हे मला आजही धड सांगता येत नाही. अभ्यास म्हणावं की व्रत?

तेव्हा मी लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. अजूनही शिकवते. पीएचडी नांदेडच्या विद्यापीठात, विषय जळकोटकडचे जुने आठवडी बाजार. सहा वर्षं झाली होती, दोन मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या. मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले होते, "मॅडम, शेवटचं प्रकरण चाळीस दिवसांत द्या. नाही दिलं तर नोंदणी रद्द होते. मग माझ्या हातात काही नाही." म्हणजे सहा वर्षं पाण्यात. एवढं सगळं त्या चाळीस दिवसांवर येऊन ठेपलं होतं.

त्याच सुमारास गणिताच्या एका सहकाऱ्यांनी माझ्या फोनमध्ये हे गजर लावून दिले. त्यांनी समजावलं ते असं: रोज एकाच वेळी दीड तास बसायचं. आधी दोन-तीन छोट्या गोष्टी करायच्या, रोज त्याच, म्हणजे मन आपोआप वळणावर येतं. काम एकच ठरवायचं, आणि ते असं की झालं की नाही हे वाद न घालता सांगता यावं. शेवटी चिठ्ठी: आज काय झालं, कुठं अडलं, उद्या पहिली गोष्ट कोणती. मी म्हटलं, "एवढंच?" ते म्हणाले, "एवढंच."

एवढंच कसलं डोंबलाचं. पहिल्या आठवड्यात मी कागदावर लिहिलं, "प्रकरण पुढे नेणे." दीड तासानं बघितलं तर प्रकरण जागच्या जागी. पुढे गेलं का, तर गेलंही आणि नाहीही. आणि त्या सुरुवातीच्या छोट्या गोष्टी! आधी तांब्याभर पाणी आणि दिवा. मग वाटलं उदबत्ती बरी. मग टेबल पुसणं, पेनं एका रांगेत, शेजारी फूल. एके दिवशी मी टेबलापुढे रांगोळीची चार बोटं ओढली आणि घड्याळ बघितलं तर सहा दहा. चाळीस मिनिटं तयारीत! मला माझाच राग आला. सहकाऱ्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "मॅडम, तयारी पाच मिनिटांची. त्याच्यावर गेली तर ती कामाची टाळाटाळ." तेव्हापासून पाणी, दिवा आणि फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, बस्स. आणि कामही असं लिहायचं: "जागा कोण वाटून द्यायचं, यावर दोन परिच्छेद." झालं की टिक.

पण रांगोळी आणि उदबत्तीनं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, उदगीरकडच्या. त्याही त्याच वेळी उठतात, आंघोळ करून पूजेसाठी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि त्यावर नजर लावून बसतात. त्या वेळात त्यांना कोणी हाक मारायची नाही. त्यांनी मला दिवा लावून, एकाच कागदाकडे बघत, फोन बाहेर ठेवून बसलेलं बघितलं आणि दुपारी विचारलं, "किती दिसाचं हाय गं?"

मी खरकटी उचलत होते. सरांनी दिलेली मुदत डोक्यात घोळत होती. म्हटलं, "चाळीस."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "सांगायचंस तरी."

झालं. त्या काय समजल्या, ते मला सुधरलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मिक्सर बंद. दूधवाल्याला तंबी, घंटी वाजवायची न्हाई. समोरच्या वहिनी सकाळी विरजण मागायला आल्या तर त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, "सून व्रत करायलीय." आठवडाभरानं वहिनींनीच मला थांबवून विचारलं, कोणतं व्रत, आम्हालाही सांगा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता खरं सांगावं तर मिक्सर चालू, घंटी चालू, विरजण चालू. न सांगावं तर देवाच्या नावानं खोटं. मी गप्प बसले. लबाडीच म्हणा. पण दीड तास मिळत होता, आणि मला तो हवा होता.

अव्वा तेवढ्यावर थांबल्या नाहीत. स्वतःची पूजा आटोपून माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसू लागल्या, राखण केल्यासारख्या. सहा पन्नासचा गजर स्वयंपाकघरात वाजला की अव्वाच दारावर टकटक करायच्या, "चिठ्ठीची येळ झाली." मी चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली की त्या ती देवघरात नेऊन ठेवायच्या. व्रताची चिठ्ठी टेबलावर कशी राहील? मला काय, सकाळी देवघरातून कालची चिठ्ठी उचलायची, वाचून परत ठेवायची, तिथून सुरुवात करायची. हरवायची भीती नाही. उलट बरंच वाटलं.

फक्त त्यांचं उंबऱ्यात बसणं मला जड जायला लागलं. पाठीवर नजर असल्यासारखं. विसाव्या दिवसानंतर कधीतरी मी दार लावून घ्यायला लागले. सहा पन्नासची टकटक मात्र चुकली नाही. त्या दिवसांत त्यांना पडसं झालं होतं, मी काढा करून दिला. थंडी पडलीय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

तो सोमवार मात्र मी विसरणार नाही. माझ्या हिशेबानं चार दिवस उरले होते. शुक्रवारी प्रकरण सरांच्या हातात. साडेपाचला गजर झाला, पाणी घेतलं, दिवा लावला, फोन फळीवर ठेवला आणि देवघरात गेले तर चिठ्ठ्या नाहीत. कालची नाही, परवाची नाही, एकही नाही. समईशेजारी नुसता पाट, तोही धुऊन पुसून ठेवलेला.

अव्वा मागे उभ्या होत्या. "काल झाले की गं चाळीस. मोजलेत म्या. नारळ फोडला, निर्माल्य बांधून दिलं त्याच्यापाशी."

त्याच्यापाशी म्हणजे माझ्या नवऱ्यापाशी. तो नांदेडला बँकेत, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. आणि अव्वांनी मोजलं होतं ते सहकाऱ्यांनी गजर लावून दिला त्या दिवसापासून. सरांनी मुदत द्यायच्या आधीचे चार दिवस मी त्या गजरावर नुसती बसून बघत होते. ते चार दिवस मी धरलेच नव्हते, त्यांनी धरले होते.

फळीवरून फोन घेऊन नवऱ्याला लावला. तो झोपेतच. "गाडीतून उतरल्यावर गोदावरीतच सोडलं की. निर्माल्य म्हणाली ती. का गं, काय होतं त्यात?"

काय होतं त्यात! लिहिलेला मजकूर लॅपटॉपमध्ये होता, तो कुठं जात नव्हता. पण पुढचं सगळं चिठ्ठ्यांत होतं. कुठला मुद्दा आधी, कुठला उतारा कुठल्या वहीत, शेवट कशानं करायचा, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या दहा दिवसांत सुचलेलं, जे मी उद्या बघू म्हणून चिठ्ठीवर टाकून डोकं मोकळं केलं होतं. डोकं मोकळं ठेवायचं असं सहकारीच म्हणाले होते. तर ते अगदी मोकळं झालं होतं. मी टेबलाशी जाऊन बसले. कुठून सुरू करायचं तेच कळेना. स्वतःवर रागावू, त्यांच्यावर, की त्या गजरावर?

शेवटी मी रडक्या आवाजात बोलून टाकलं. "अव्वा, ते व्रत नव्हतं. माझं कॉलेजचं काम होतं. त्या चिठ्ठ्यांवर माझा अभ्यास होता."

रागावतील असं वाटलं. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "लिही," म्हणाल्या.

"काय लिहू?"

"म्या रोज वाचली की. देवापुढं ठेवताना. पोथीवानी."

अव्वा चौथीपर्यंत शिकल्या आहेत. पोथी बोट फिरवत मोठ्यानं वाचतात, आणि दोनदा वाचलं की त्यांना पाठ होतं. हे मला लग्नापासून माहीत होतं, पण त्या क्षणी ते माझ्या लक्षात असतं तर शपथ. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "आज: बाजारात जागा वाटायची चाल, दोन परिच्छेद झाले. अडलं: बायकांची जागा कुठं, कागदात न्हाई. उद्या पयली गोष्ट: निळी वही, शेवटून तिसरं पान." मी लिहीत गेले. अर्थ त्यांना कळत होता की नाही, देव जाणे. पण शब्द न् शब्द बरोबर, माझ्या तोंडचाच. मध्येच थांबून म्हणाल्या, "बायका वडाखाली बसत जळकोटाला. माझी आई बसायची." आणि पुन्हा पुढची चिठ्ठी. तीच वाक्याची चाल, तोच आवाज.

मी भरभर लिहीत होते. एकेक दिवस हाती येत होता, जिवात जीव येत होता. आणि मग त्याच चालीत, डोळे मिटलेलेच, त्या म्हणाल्या, "आज: तक्ता अर्धाच झाला. अडलं: अव्वा उंबऱ्यात बसून राहतात, लक्ष लागत न्हाई. उद्या पयली गोष्ट: दार लावणे."

माझं पेन थांबलं.

"लिहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "लिहिलं." लिहिलं नव्हतं. त्या पुढच्या चिठ्ठीवर गेल्या. मी दार लावल्यावर त्या कुठं बसत होत्या, हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी, त्यांची घडी केलेली शाल ठेवलेली होती. तिथून स्वयंपाकघरातला गजर ऐकू येतो.

शुक्रवारी दहा वाजता मी सरांना प्रकरण पाठवलं. बायका वडाखाली बसत, हेही त्यात आहे, मुलाखत म्हणून. सर म्हणाले, बरं झालं. मला मात्र कसं झालं तेच कळत नव्हतं. मी अव्वांजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "ती चिठ्ठी वाचल्यावर तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्रतात असलेल्या बाईला काही बोलत न्हाईत."