फ्लॅशचे सेल आणि मावशीची मंगलाष्टकं

मुरबाडला आम्ही दोघे भागीदारीत लग्नांचे फोटो काढायचो. माझा भागीदार रिकामा फ्लॅश मारण्यात पटाईत होता. जेवणाआधी नवरदेवाकडचे काके-मामे खुर्च्यांवर ऐटीत बसत, हा पठ्ठ्या कॅमेरा डोळ्याला लावून फ्लॅशचं फक्त टेस्ट बटण दाबी. उजेड पडला की मंडळी खूश, रोलही शाबूत. फुकट फक्त सेल जायचे, पण सेलची दया त्याला कधी आली नाही.

वैशाखरे गावातल्या त्या लग्नात मुलीच्या भावाला फौजेतून रजा मिळाली नव्हती. बापाने सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकी कायबी काढा नायतर नका काढू. हार घालतानाचा एक पायजे. पोराला धाडायचाय."

मंगलाष्टकं सुरू झाली आणि फ्लॅश तयार झाल्याचा लाल दिवा लागेना. चारही सेल अल्कलाइन, सकाळीच घातलेले, आता हाताला गरम लागत होते. भागीदाराने एक काढून आपल्या टॉर्चमध्ये टाकला. "सेल नाय गेले रे. बघ कसा पेटतोय. फ्लॅशच बिघडलाय."

मला त्याच्या टाळक्यात टॉर्च घालावासा वाटला. टॉर्चला करंट लागतो चिमूटभर. फ्लॅशमध्ये उजेडासाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला तो घटाघटा हवा असतो. अल्कलाइन सेलमध्ये माल भरपूर, पण आतला अडथळाही मोठा. भराभर ओढलं की व्होल्टेज बसतं, निम्मी ताकद आतच उष्णता होऊन जाते. सेल संपलेला नसतो, पुरवू शकत नसतो. लिथियमच्या सेलमध्ये पातळ पत्र्यांची गुंडाळी असते. पत्रा मोठा, अडथळा कमी, त्यामुळे दणकून ओढलं तरी व्होल्टेज टिकतं. असे चार मी मुंबईहून आणले होते, आणि भागीदार त्यांना "तुझे दागिने" म्हणायचा.

दागिने पिशवीच्या तळाशी होते, वर त्याचा डबा, टॉवेल आणि कसलं तरी लोणचं. भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर आले. तेवढ्यात नवरीच्या मावशीने माइक हिसकावला. ही बाई स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची, बेसूर आणि न संपणारी. मांडवभर लोक अक्षता मुठीत घेऊन तिला मनातल्या मनात शिव्या देत होते. मी एकटाच देवाकडे मागत होतो की अजून एक कडवं होऊ दे. झालीही दोन. तेवढ्यात सेल बदलले, फ्लॅशने बारीक शीळ घातली आणि दिवा लागला.

अंतरपाट खाली आला. मुलीने हार उचलला आणि नवऱ्याकडे बघायचं सोडून थेट माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "ताई, नवऱ्याकडे बघा," असं मी एरवी ओरडलो असतो.

त्या दिवशी नुसतं बटण दाबलं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती आणि माझ्याकडेही नाही. भावाकडे बघत होती.