खांद्यावरचे तीन थेंब

लाँड्रीवाल्या मावशींना कुणाच्या घरात काय चाललंय ते विचारावं लागत नाही. कपडे सांगतात. बाहीवर शाई, कॉलरला घाम, पदराला हळद. मावशी गठ्ठा सोडतात आणि गालातल्या गालात हसतात. नवरा मात्र अगदी उलट. गल्लीभर त्यांना इस्त्रीकाका म्हणतात. समोर कापड आलं की काकांचा हात शिवशिवतो. डाग असो, ओल असो, इस्त्री फिरलीच म्हणून समजा. आणि गरम इस्त्री फिरली की डाग कापडात घर करतो, मग मावशींच्याही हातात काही उरत नाही. या एकाच गोष्टीवरून नवराबायकोत तीस वर्षं जुंपतेय.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या बाई धापा टाकत आल्या. बाई शाळेत शिकवतात, आवाज सगळ्या जिन्याला पुरतो. आज मात्र कुजबुजत होत्या. मागे त्यांची सहा वर्षांची चिमणी. हातात पांढरा सुती फ्रॉक, निळ्या गोटाचा, समोर पिवळा जर्द.

"आंब्याचा रस सांडला हो मावशी. फ्रॉक आत्याने हाताने शिवलाय आणि आत्या उद्या येतेय. दोन महिने डोळे फोडून टाके घातलेत तिनं. हा असा दिसला तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

"साबण लावला नाहीत ना?"

"हात नाही लावला."

"शहाण्या आहात. फळाच्या डागावर वडीचा साबण घासला की डाग मुक्कामालाच येतो."

मावशींनी फ्रॉक उलटा केला आणि मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडली. डाग आला त्या वाटेनेच परत जायला हवा, पुढून पाणी मारलं तर आणखी आत शिरतो. पिवळं पाणी मोरीत वाहून गेलं. उरल्यासुरल्यावर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर. फिकट पिवळी छटा राहिली, पण तिला मावशी घाबरत नाहीत. ती उन्हात उडते.

पण खांद्यावर तीन थेंब होते. ते जागचे हलले नाहीत. चकचकीत, चिकट, कडेने तपकिरी व्हायला लागलेले. मावशींनी नाक लावलं.

"बाई, रस पोटावर सांडतो. खांद्यावर वरून पडतो तो चीक. देठ तुटला की उडतो तो."

बाईंचा चेहरा पडला. चिमणीच्या गालावरही चीक लागल्याचा लाल चट्टा होता. आता या गल्लीत आंब्याचं झाड एकच, लाँड्रीच्या मागे, इस्त्रीकाकांचं. आणि झाडावरचे आंबे कमी होतात म्हणून काका आठ दिवस वटवाघळांच्या नावाने खडे फोडत होते.

एवढ्यात काका आतून आले. हातात तापलेली इस्त्री.

"ओला दिसतोय. आणा, एक हात मारतो."

"खबरदार," मावशी म्हणाल्या. "चीक आहे. इस्त्री लावलीत तर काळा होऊन जन्माचा बसेल. आणि मी आता स्पिरिट काढतेय. बटण बंद करा, ती आत नेऊन ठेवा, नाहीतर भडका उडेल."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या इस्त्री बंद केली आणि परत येऊन खुर्चीवर बसले. त्या रिकाम्या हातांना काय करावं ते कळेना, म्हणून डोकं चालवायला लागले.

"चीक? कुठल्या झाडाचा?"

मावशींनी ऐकू न आल्यासारखं केलं. खांदा जुन्या टॉवेलात दाबून कोरडा केला, खाली टॉवेलाची घडी घातली, निळ्या गोटाच्या आतल्या टोकाला स्पिरिटचा एक थेंब लावून रंग जात नाही ना ते बघितलं. मग स्पिरिटच्या कापसाने कडेकडून मधे टिपायला सुरुवात केली. घासायचं नाही. घडी मळली की सरकवायची. बाई वाकून बघत होत्या.

"कुठल्या झाडाचा, म्हणतोय मी."

बाई तोंड उघडणार, तोच चिमणी पुढे झाली. "काका, वटवाघूळ आम्हीच. आई काठी मारते आणि मी खाली फ्रॉक पसरते. पिकलेला एक तिथंच खाल्ला."

 मग मावशींच्या हातातला कापूस थरथरायला लागला. त्या हसत होत्या.

"आठ दिवस शिव्या कुणाला घातल्यात, कळलं का?"

काकांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखी मान खाली घातली होती.

"काठी मारतात का कुणी?" काका म्हणाले. "देठ बोटभर ठेवून कापायचा. मग खाली तोंड करून चीक गळू द्यायचा. वटवाघळालासुद्धा अक्कल असते."

तिन्ही थेंब टॉवेलावर उतरले होते. मावशींनी भांडी घासायचा पातळ साबण लावला, फ्रॉक धुतला आणि मागच्या तारेवर, झाडाची सावली टाळून, वाळत घातला. चार वाजता त्याच्यावर ना पिवळं होतं ना तपकिरी. मावशींनी खांदा उजेडात धरून दोनदा बघितला आणि मगच मान हलवली.

काकांनी इस्त्री लावली. एवढ्या कडक घड्या त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या सदऱ्यालाही घातल्या नव्हत्या. संध्याकाळी फ्रॉक वर पोचवला चिमणीनेच. दुसऱ्या हातातल्या पिशवीत चार आंबे, बोटभर देठाचे.