मी घरीच असते

एम.ए.च्या समाजशास्त्राच्या शोधनिबंधासाठी कहकशाँने अकोल्यातल्या आपल्याच मोहल्ल्यात घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांना गाठलं होतं. निबंधाच्या सारांशात तिने प्रश्न मांडला: या बायका स्वतःला कामगार का म्हणवत नाहीत? पद्धत लिहिली: घरोघरी मुलाखती. निष्कर्षही लिहिला: बहुतेकींचं उत्तर ‘मी घरीच असते’.

तिच्या मार्गदर्शक दामिनी मॅडमनी कागद परत केला. “सगळं आलं. पन तुझं म्हणणं कुठं हाय?”

घरी बसून तिने शेवटचं वाक्य जोडलं: हे काम घरात चालतं, म्हणून ते घरच्यांनाही दिसत नाही.

शेजारी अम्मीची शिलाई मशीन खडखडत होती. प्रत्येक दारी तिला अम्मीनेच नेलं होतं. अम्मीची मुलाखत घ्यावी, हे तिला सुचलंच नव्हतं.