मामांची टायटनेट बॅटरी

आमच्या मामांना टिकाऊपणाचं व्यसन आहे. लग्नात आलेली चादर ते अजून पांघरतात आणि ती विरली नाही याचं श्रेय चादरीला न देता स्वतःच्या वापराला देतात. दुकानात गेले की वस्तू कशी आहे, कामाची आहे का, हे विचारतच नाहीत. एकच प्रश्न, "किती वर्षं टिकेल?" उत्तर ऐकताना स्वतःच्या वयाशी त्याचा मेळ घालायचं त्यांना कधी सुचत नाही. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि निवृत्त मुख्याध्यापक आहेत, म्हणजे समोरच्याचं ऐकून घेण्याची सवय पूर्ण मोडलेली.

माझं सोलापुरात, एमआयडीसीत, बॅटऱ्या बांधायचं छोटं वर्कशॉप आहे. सेल आणायचे, पट्ट्या वेल्ड करून पॅक बांधायचा, डब्यात बसवायचा, हा धंदा. मामांच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी मेली तेव्हा ते तडक माझ्याकडे आले. स्कूटर म्हणजे त्यांचा जीव. दर महिन्याला ते तिच्यावरून मंगळवेढ्याला मोठ्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे जातात. एसटीची पायरी गुडघ्यांना झेपत नाही आणि मुलाच्या कारला वेळ नसतो. मुलानं, म्हणजे माझ्या मामेभावानं, बजावूनच ठेवलं होतं, "बाबा, एकदा जरी रस्त्यात बंद पडलात ना, चावी माझ्याकडे."

मामा आले तेव्हा मी वेल्डिंग करत होते. माझ्या वेल्डिंगच्या मशीनला वीज देतात ते लिथियम टायटनेटचे सेल. दर टिचकीला क्षणभर प्रचंड करंट ओढला जातो. साध्या लिथियम सेलचा अशा मारानं केव्हाच भुगा झाला असता, हे मात्र वर्षानुवर्षं ढिम्म.

"हे किती वर्षं चालतात गं?" मामांनी विचारलं. इथंच मी चुकले. विषय बदलायला हवा होता, मी खरं सांगून बसले. मी म्हणाले, हजारो वेळा भरा, हजारो वेळा रिकामे करा, स्कूटरला लावले तर वीस-पंचवीस वर्षं कुठं जात नाहीत. टायटनेटच्या आत लिथियम शिरतं, बाहेर पडतं, पण त्याचं अंग फुगत नाही की आकसत नाही, म्हणून झीज जवळजवळ नाहीच.

मामांचा चेहरा उजळला. "हेच बसव."

"मामा, पण या सेलचा व्होल्टेज कमी. जुन्या पॅकला तेरा ओळीनं लागायचे, याचे वीसेक लागतील. आणि सेल जाडजूड. तुमच्या डब्यात जेमतेम तिसरा हिस्सा वीज मावेल. मंगळवेढा विसरा, निम्म्या वाटेतच बसाल."

"वीस-पंचवीस वर्षं," मामा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी मामेभावाला फोन केला, म्हटलं, तू तरी समजाव. तो म्हणाला, "ताई, त्यांना आवडलंय ना? मग तेच घाल. बाबांचं मन मोडू नकोस." एवढा मातृपितृभक्त पुत्र पाहून मला खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

बॅटरी बसली. मामा आनंदात. पॅक लहान असला तरी हे सेल मागाल तेवढा करंट एका दमात देतात, त्यामुळे मामींना मागे बसवूनसुद्धा स्कूटर पुलाचा चढ न कुरकुरता चढायची. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या समस्त पेन्शनरांना मामांनी बॅटरीचं आयुष्य तोंडपाठ करवून टाकलं. त्यातल्या निम्म्या लोकांना डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. त्यांना वीस-पंचवीस वर्षांचं कौतुक काय वाटलं असेल ते देव जाणे.

महिना भरला आणि मंगळवेढ्याला जायची वेळ आली. मामा आदल्या दिवशी अंदाज घ्यायला थोडं बाहेर जाऊन आले. परत आले ते काटा तळाला लावूनच. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. मावशीला फोनवर सांगितलं, ऊन फार आहे. सोलापुरात ऊन फार आहे हे सांगून चुकवलेलं काम म्हणजे निव्वळ थापच. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण दोष माझ्या बॅटरीवर येत होता.

मामेभाऊ एका समारंभात भेटला. जिलेबी खात म्हणाला, "ताई, थँक्स हं. आता टेन्शनच नाही. बाबा फिरून फिरून गावातच फिरणार. मला ठाऊक होतं रेंज कमी येणार. दावं आखूड केलं की झालं."

बापाला दावं! माझं डोकं असं फिरलं की ताटातली जिलेबी तशीच ठेवून मी वर्कशॉप गाठलं.

टायटनेटची दुसरी बाजू मी मामांना सांगितलीच नव्हती, कारण त्यांनी ऐकलीच नसती. हे सेल जसे झटक्यात रिकामे होतात तसेच झटक्यात भरतातही, आणि त्यानं त्यांचं काही बिघडत नाही. अडचण होती ती मामांच्या चार्जरची. रात्रभर थेंब थेंब भरणारा होता तो. मी एक दांडगा चार्जर जुळवला, केबल आणि सॉकेट जाड घातलं. सेलला याहून जास्त चाललं असतं, पण वाटेत थांबून भरायचं ते धाब्यावर, आणि तिथल्या फ्रिजच्या प्लगमधून ओढून ओढून किती ओढणार? तेवढ्यातही अर्ध्या तासात पॅक भरत होता. चार्जरनं सीटखालची सगळी जागा खाल्ली. मावशीसाठी न्यायची पिशवी पुढं हुकला लटकवावी लागली, त्यावर मामा अख्खा आठवडा बोलले.

मग एका सकाळी निघाले. पहिल्या धाब्यावर थांबले, फ्रिजचा प्लग मागून घेतला, चहा प्याले, धाबेवाल्याला बॅटरीचं आयुष्य सांगितलं. दुसऱ्या धाब्यावर पुन्हा चहा, पुन्हा आयुष्य. दुपारच्या आत मंगळवेढ्यात. पोचल्याचा फोन त्यांनी अभिमानानं सगळ्यात आधी मुलाला केला. शहाणपण असं कधी कधी वाया जातं.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मागे चांगलाच गलका होता.

"पोरी, तुझा मामेभाऊ आलाय हितं. कार घिऊन."

"चावी काढून घ्यायला?"

"व्हय की. बापावर लई वराडला. सोताचा बाप वाटंत मेला असता म्हणतोय."

"आणि मामा?"

"त्यो बसलाय ब्याटरीचं सांगत. म्या म्हटलं, आदी जेवा दोगं बी. जेवलं. तीन वर्सं झाली, ह्या पोरानं माजा उंबरा बघितला न्हवता बग. बापाला अडवायला का हुईना, आला."

"मग चावी कुणाकडं आहे आता?"

"माज्या कंबरंला. सांगितलंय दोगांस्नी, बाप बसंल कारमदी, गाडी ऱ्हाईल माज्या दारात. जेला पायजे त्यानं फुडल्या महिन्यात हितं यावं मागायला."