सही शिकवण्याआधी

माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी इच्छाही नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे, म्हणून तोच आधी सांगते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मुलुंडच्या एका शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घ्यायला लागले. सफाईवाल्या, वॉचमन, गोदामातले हमाल. पहिलीच्या बाकांवर गुडघे कसेबसे कोंबून बसायचे. आराखडा मीच लिहिला होता: पहिले तीन आठवडे सही, मग दुकानांच्या आणि बसच्या पाट्या, शेवटी फॉर्म. सही आली की माणूस खूश होतो, वर्ग सोडत नाही. संस्थेचे साहेबही खूश, कारण सही आली की त्यांच्या रजिस्टरात एक साक्षर वाढतो. तीस वर्षं काउंटरवर बसून लोकांना ‘आधी वाचा, मग सही करा’ असं मीच बजावायचे. इथे मात्र अक्कल गहाण ठेवली होती.

वर्गात सगळ्यांत हुशार आक्का. वय पन्नाशीचं, माहेर बीडकडचं, घाटकोपरच्या एका मोठ्या ऑफिसात कंत्राटदाराकडून झाडूपोछा करायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. सही तिला पाच दिवसांत आली. शेवटच्या अक्षराला मी एक वळणदार शेपटी शिकवली होती, ती तिला फार आवडायची. वहीची पानंच्या पानं भरायची. मी कौतुक करायचे, बावळटासारखी.

चौथ्या आठवड्यात ती आली ती वही न घेता. मोबाईल पुढे केला. कागदाचा फोटो होता, तिच्यासोबत काम करणाऱ्या मुलीने काढलेला.

“हे वाचा बाई. उद्यापासून येऊ नको म्हणतात.”

मी वाचलं. ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ खाली आक्काची सही. शेपटीसकट.

“सुपरवायझर म्हणाला, हजेरीचा कागद आहे, कर सही,” ती म्हणाली. “पहिले अंगठा मागायचे तेव्हा मी विचारायची, काय लिहिलंय, आधी वाचून दाखवा. अंगठेबहाद्दराला विचारायची लाज नसते. पेन हातात दिल्यावर कसं विचारू? म्हणतील, सही येते आणि वाचता येत नाही?”

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कंत्राटदाराच्या ऑफिसात गेलो. माझा आवाज चढलेलाच होता. आत बसलेला माणूस शांतपणे फाईल उघडून म्हणाला, “मॅडम, अंगठा असता तर म्हटलं असतं फसवलं. ही तर झकास सही आहे. शिकलेल्या बाई आहेत.” नोकरी परत मिळणार नव्हती. माणसं जुनी झाली की हक्क मागतात, म्हणून हा कंत्राटदार दर थोड्या वर्षांनी अशीच सगळी बदलतो, हे बाहेर चहावाल्याने सांगितलं. मी तिथेच त्या कंत्राटदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कामगार कार्यालयात तक्रार दिली, तीही पडून आहे.

संस्थेच्या साहेबांना सांगितलं, आता सही शेवटी. ते म्हणाले, “अहो, मग आकडा कसा दिसणार?” मी म्हटलं, “आकडा गेला खड्ड्यात.” त्या संध्याकाळी फळ्यावर कमळ-बदक नाही लिहिलं. लिहिलं ‘राजीनामा’. मग ‘स्वखुशीने’. बसच्या पाट्या त्यानंतर, कारण बस चुकली तर दुसरी येते. कुणाला कंटाळा आला, तीन जण वर्ग सोडून गेले. आक्का राहिली. दोन महिने रोज, घरी नवऱ्याला भरवून झालं की यायची.

परवा नाहूरच्या एका दवाखान्यात तिला काम मिळायचं होतं. सोबत या म्हणाली, म्हणून गेले. टेबलामागच्या पोराने कागद सरकवला, पेन ठेवलं, फुली मारलेली जागा दाखवली. मागे सहा-सात बायका उभ्या.

आक्काने पेन उचललं नाही. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने, एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली.

“मावशी, लवकर करा ना, लाईन लागलीय.”

“लागू दे,” आक्का म्हणाली. एका ओळीवर बोट थांबलं. “ही जागा कोरी का? कामावर लागल्याची तारीख इथे लिहा. मग सही करते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी त्याने तारीख लिहिली.

आक्काने ती वाचली आणि मग सही केली. शेपटी मात्र जोडली नाही.