नावं गिळणारी दुभाषी

मला थांबता येत नाही. लिफ्ट येईपर्यंत मी बटण चार वेळा दाबते आणि समोरचा वाक्य संपवायच्या आत त्याचं वाक्य मीच संपवून टाकते. आई म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि मी मुलगी असले तरी ही म्हण तिने माझ्यासाठीच राखून ठेवली होती. अशा बाईला कुणी दुभाषी नेमू नये. मला मात्र नेमलं होतं, तेही योगाच्या वर्गात.

वर्ग बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शिकवणारे सर सत्तरीचे, मूळचे धारवाडचे. मी बेळगावकडची, त्यामुळे माझ्याशी ते मराठी बोलत, त्यात कन्नड मिसळलेलं. वर्गात मात्र शुद्ध कन्नड. इंग्रजी त्यांना जेमतेम. परदेशी विद्यार्थ्यांची महिनाभराची एक तुकडी आली, सात जणांची, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सकाळी येतीस काय गे? मी बोलतो, तू इंग्लिशमध्ये सांग." दोन वर्षं मी त्यांच्याकडे शिकत होते, नाही कशी म्हणणार? सकाळी साडेसहा ते आठ वर्ग, मग धावत बस पकडून इलेक्ट्रॉनिक सिटीतलं ऑफिस.

ऑफिसात माझं काम म्हणजे यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं. पंधरा वर्षं मी इंजिनियरांशी एकाच गोष्टीवरून भांडत आले: जड शब्द काढा, माणसाला कुठलं बटण दाबायचं ते सांगा. तोच शहाणपणा मी वर्गात पाजळायला घेतला. सर म्हणत, "पार्श्वोत्तानासन," आणि जरा थांबत. मग कृती सांगत. त्यांचं ते थांबणं मला सहन होत नसे. मी तेवढ्यात सांगून टाकायची: उजवा पाय पुढे, दोन्ही गुडघे सरळ, कमरेतून वाका, पोट मांडीकडे न्या. सातही जण बरोबर वाकायचे. नाव मी गिळून टाकायची. जीभ वळत नाही असल्या सहा-सात अक्षरांच्या शब्दांनी त्या बिचाऱ्यांचं काय भलं होणार होतं?

सातांमध्ये पोलंडची एक बाई होती, साठीला आलेली. तिचं इंग्रजी तोकडं होतं, त्यामुळे मी तिच्यासाठी आणखी सोपं बोलायची. ती तिकडे एका वृद्धाश्रमात काम करत होती. तिथल्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसल्या बसल्या व्यायाम शिकवायचा तिचा मानस होता, पण प्रमाणपत्र असल्याशिवाय व्यवस्थापन परवानगी देणार नव्हतं. त्यासाठी दोन वर्षं रजा साठवून ती आली होती. "प्रमाणपत्र मिळालं की सोमवारपासून माझा वर्ग सुरू," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. मला ती फार आवडायची. तिला काही कठीण पडू नये असं मला वाटायचं, आणि ते वाटणं मी प्रेम समजत होते.

प्रमाणपत्राची परीक्षा शनिवारी होती. आधीच्या सोमवारी सरांनी सराव घ्यायचा म्हणून मला गप्प बसायला सांगितलं आणि स्वतःच एकेक नाव उच्चारलं. "उपविष्ट कोणासन." कुणी हललं नाही. "सुप्त पादांगुष्ठासन." सातही माना माझ्याकडे वळल्या. महिनाभरात त्यांना सवय झाली होती की सरांचा आवाज म्हणजे नुसती सूचना, खरं काय ते माझ्या तोंडून येणार.

सरांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"रोज काय सांगत होतीस गे त्यांना?"

"सगळं सांगत होते, सर. नावं सोडून."

"नावं सोडून?"

"शरीर बरोबर वळलं म्हणजे झालं, असं वाटलं मला."

"मलाही तेच वाटलं की," ते म्हणाले. "शरीर बरोबर वळायलंय, म्हणजे तू सगळं सांगायलीस." मग चष्मा काढून पुसला. "परीक्षेत फक्त नाव सांगतात. ऐकायचं आणि करून दाखवायचं. दुभाष्याने नावाचा अर्थ सांगायचा नाही, असा नियम आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "सरी, बरं, पाच दिवस आहेत" म्हणाले आणि वर्गाकडे वळले. मला त्या दिवशी ऑफिसात एक ओळ लिहिता आली नाही. सारखी उठून पाणी प्यायला जायची आणि पाणी न पिताच परत यायची.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसले आणि नावं फोडायला लागले, तेव्हा माझीच मला लाज वाटली. पाद म्हणजे पाय, हस्त म्हणजे हात, ऊर्ध्व वर, अधो खाली, सुप्त झोपून, उपविष्ट बसून, बद्ध बांधलेलं, कोण म्हणजे कोन. यातलं मला काय नवीन होतं? सुप्त पादांगुष्ठासन: झोपून पायाचा अंगठा. अख्खी कृती नावातच बसलेली. ज्यांना मी जड शब्द म्हणून फेकत होते, त्या साध्या सूचनाच होत्या, आणि पंधरा वर्षं सूचना लिहिणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं.

मी नावांच्या या तुकड्यांची यादी केली. बारा तुकडे पाठ करा, बरीचशी नावं आपोआप उलगडतील. सातांनाही ते पटलं आणि दुसऱ्या दिवसापासून चटईवर बसून त्यांची घोकंपट्टी सुरू झाली. राहिली ती ऋषींची आणि वीरांची नावं. मरीची, मत्स्येंद्र, वीरभद्र. ती फोडून काही हाती लागत नाही, नुसती लक्षात ठेवावी लागतात. तरुणांना मी ती दिली. पोलंडच्या बाईच्या यादीवर मात्र मी स्वतः रेघ मारली.

"ही सोडा," मी तिला म्हटलं. "दहापैकी आठ आली तरी पुरे. उगाच डोक्याला ताप नको."

तिने यादीकडे पाहिलं, रेघेवरून बोट फिरवलं आणि कागद घडी करून ठेवला.

शनिवारी परीक्षक बाई आल्या. म्हैसूरकडच्या, वयस्क, काठापदराची साडी, बोलणं कन्नडमध्ये. इंग्रजी समजतं पण परीक्षा कन्नडमध्येच घेईन, असं त्यांनी आधीच सांगितलं. एकेकाला आत बोलवायचं. आत ती व्यक्ती, परीक्षक आणि मी. सर बाहेर जिन्यापाशी. परीक्षकांनी मला बजावलं, "नाव आहे तसं सांगायचं. एक शब्द जास्त नाही."

पोलंडची बाई शेवटी आली. पहिली चार नावं तिला धडाधड आली. पाचवं चुकलं. सहावं, सातवं आलं. आठवं चुकलं. नववं आलं. म्हणजे सात झाली, आणखी एक हवं होतं.

परीक्षकांनी कागद उलटला आणि म्हणाल्या, "मरीच्यासन."

मी रेघ मारलेलं नाव. मी ते होतं तसं सांगितलं. बाई चटईवर बसली, दोन्ही पाय पुढे लांब केले आणि थांबली. डोळे मिटले. ओठ हलत होते. परीक्षक वाट पाहत होत्या. रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न देत गेली. बाई थांबलेलीच. मला कळत होतं की तिला हे येणं शक्य नाही, कारण ते तिच्यापासून मीच काढून घेतलं होतं, आणि आता माझ्यामुळे तो वृद्धाश्रमातला वर्ग, दोन वर्षांची रजा, सगळं बुडणार. किती सेकंद गेले कुणास ठाऊक. पाच असतील. माझ्याच्याने राहवलं नाही.

"एक गुडघा उभा करा," मी इंग्रजीत पुटपुटले, "त्याच बाजूचा हात नडगीभोवती."

बाईने डोळे उघडले.

"हा प्रश्न रद्द," परीक्षक कन्नडमध्ये म्हणाल्या. आवाज चढवला नाही. कागदावर एक काट मारली.

मी हात जोडले. सगळा दोष माझा आहे, महिनाभर मीच नावं सांगितली नाहीत, हिला दुसरं एखादं नाव द्या, हवं तर तिसरं द्या, असं भराभर बोलत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अम्मा, बाकीच्या सहा जणांना अकरावं नाव दिलं नाही मी. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी आहे." आणि कागदांची पिशवी उचलून त्या सरांना भेटायला बाहेर गेल्या.

तीन महिन्यांनी ही बाई कुठून येणार होती? तिचं विमान रविवारी पहाटे होतं.

हॉलमध्ये आम्ही दोघीच उरलो. मी तिला सगळं सांगितलं, परीक्षक काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द. या वेळी काही गिळलं नाही. मी सारखी माफी मागत होते. तिने ऐकून घेतलं.

"मला येत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतेय.

"रोज दुपारी मी सरांकडे येत होते," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही. ते नाव म्हणायचे, मी थांबायची, मग ते करून दाखवायचे. तुम्ही रेघ मारलेली सगळी." तिच्या तोकड्या इंग्रजीत हे सांगायला तिला बराच वेळ लागला, आणि तिने तो घेतला. "मी आठवायला हळू आहे. पण आठवतं. तुम्ही थांबला नाहीत."

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला काही जमणार नाही हे मी महिनाभर तिच्यासाठी ठरवत आले होते, आणि ते चुकीचं आहे हे दाखवायची तिला एकच संधी होती, तीही मी घालवली.

ती परत चटईवर बसली. पाय लांब केले, डोळे मिटले. या वेळीही तेवढाच वेळ गेला, कदाचित जास्तच. मग ती सावकाश "मरीच्यासन" म्हणाली, सरांसारखीच जरा थांबली, उजवा गुडघा उभा केला, टाच जवळ ओढली, हात नडगीभोवतून पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताने मनगट पकडलं आणि पुढे वाकली. वाकताना समोर कुणी बसलं असावं तसं ती इंग्रजीत एकेक कृती सांगत होती. एका ठिकाणी तिने नडगीऐवजी मांडी म्हटलं.

मी काही बोलले नाही.