गोगलगायींचं पाणी

अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीच्या पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर पहिली नोकरी लागली आणि मला पाण्यातलं सगळं कळायला लागलं, असं मला वाटायचं. सोनिवलीला घरी आलो की आईला शिकवायचो. आमची गाय नाल्यावर पाणी प्यायची. नाल्याला वास येतो, कंपन्यांचं पाणी येतं, तिला वरच्या तळ्यावर ने, असं मीच सांगितलं. आई कां-कूं करत होती, म्हणून तळ्याच्या काठी नेऊन चिखलातल्या छोट्या गोगलगायी दाखवल्या. "हे जीव जगतात म्हणजे पाणी स्वच्छ," मी म्हणालो. गावची निम्मी गुरं तिथंच चरायची. थंडीत मेंढ्या घेऊन येणारा धनगर मात्र त्या ओल्या काठाला कळप फिरकू देत नसे. मी त्याला हसलो होतो.

पावसाळाभर गाय तळ्याकाठचं कोवळं गवत खात होती. थंडीत तिचं दूध आटलं, शेण पातळ झालं, बरगड्या दिसायला लागल्या. जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी पिशवी लोंबायची. संध्याकाळी मोठी, सकाळी ओसरलेली. मला काही उमगेना. नाला सोडून सहा महिने झाले होते, तरी मी नाल्यालाच शिव्या घालत होतो.

गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची पापणी उलटून पाहिली. आत पांढरीफटक. शेण तपासून ते दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, "लिव्हर फ्लूक. काळजात चपटे किडे झालेत. चरते कुठं? तिथं गोगलगायी आहेत?"

"हायत ना, लई हायत!" आई अभिमानानं म्हणाली. "माज्या पोऱ्यानंच दाखवल्या. तो कंपनीत हाय, त्याला पान्यातला समदा कलतं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टर माझ्याकडे न बघता सांगत राहिले. आजारी गुरांच्या शेणातून अंडी पाण्यात जातात, पिल्लं त्या गोगलगायीत शिरून वाढतात, मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात. गवताबरोबर पोटात, पोटातून काळजात. काठाला कुंपण घाला, तिथलं गवत कापूनही आणू नका, पाणी विहिरीचं पाजा, औषध सगळ्या गुरांना द्या. गायीला औषध पाजलं खरं, पण फार उशीर झाला होता. आठवड्यात ती गेली.

मग नाला बरा होता का? तसंही नाही. वाईट पाणी सोडून चांगल्यावर नेलं आणि चांगल्यानंच मारलं, हे अजूनही मला नीट जुळवता येत नाही.

आई रडली, पण मला एका शब्दानं बोलली नाही. महिन्याभरानं, गायीमागे उरलेल्या तिच्या कालवडीसाठी तिनं विहिरीतून बादली शेंदली आणि माझ्यासमोर धरली.

"बघ रं, ह्या पानी चालंल?"

मी वास घेतला, आत वाकून पाहिलं. मला काहीच कळलं नाही. ती मात्र बादली धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.